ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोणी किती काम केलं ते मुलांकडूनच भरून घ्यायचंय, पियर इव्हॅल्युएशनच्या फॉर्ममध्ये नेमके कुठले प्रश्न टाकू? चार-चार जणांचे ग्रुप आहेत.

मी इंजिनीअरिंगला शिकवतो, थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला हा फॉर्म वापरतो. पहिल्या वर्षी पार फसलो होतो. 'सहकार्य कसे होते', 'जबाबदारी घेतली का' असे प्रश्न टाकले, वर लॅबमध्येच सगळ्यांना शेजारी शेजारी बसवून कागदावर भरून घेतलं, झालं, सगळ्यांना सगळ्यांकडून पाचपैकी पाच. शेजारी बसलेल्या मित्राला दोन कोण देणार हो?

तर प्रश्न स्वभावाबद्दल नको, घडलेल्या गोष्टीबद्दल हवा, आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ फॉर्मवरच लिहायचा. म्हणजे 'ठरलेल्या तारखेला आपला भाग दिला का' याला ५ म्हणजे वेळेत दिला आणि चालत होता, ३ म्हणजे उशिरा दिला किंवा दुसऱ्याला दुरुस्त करावा लागला, १ म्हणजे तो भाग शेवटी दुसऱ्यानेच केला. असे मी चारच ठेवतो: वेळेत काम, कामाचा दर्जा, मीटिंगला येणं आणि ग्रुपवर विचारलं तर उत्तर देणं, आणि चौथा रिपोर्ट-पीपीटी-टेस्टिंग. हा चौथा मागाहून घातला, कारण एका ग्रुपमध्ये एका मुलीने अख्खा रिपोर्ट, सगळे डायग्राम केले होते आणि कोडिंगवाल्या तिघांनी तिला सगळ्यात कमी दिलं, का तर फॉर्ममध्ये तिच्या कामाला जागाच नव्हती. चूक माझ्या फॉर्मची होती.

शेवटी एक लिहायचा प्रश्न: 'या मेंबरने केलेलं एक काम सांग, फाईलचं किंवा स्क्रीनचं नाव लिहून'. इथे 'खूप मदत केली' एवढंच आलं तर समजून जा.

आता मार्क. वरचे चार प्रश्न आधी भरायचे, म्हणजे काय काय घडलं ते आठवतं, आणि मग प्रत्येकाने स्वतःला सोडून बाकी तिघांत ३० पॉइंट वाटायचे. ३० फिक्स असल्यामुळे सगळ्यांना भरभरून देता येत नाही, एकाला वाढवले की दुसऱ्याचे कमी होतात. माझ्या एका ग्रुपचं सांगतो, नावं अ ब क ड धरा. अ ने ब ला १०, क ला १४, ड ला ६ दिले. ब ने अ ला ११, क ला १३, ड ला ६. क ने अ ला १२, ब ला ११, ड ला ७. ड ने शांतपणे तिघांना दहा-दहा (ज्याने काम केलेलं नसतं तो बहुतेक वेळा असंच करतो). बेरीज केली तर अ ला ३३, ब ला ३१, क ला ३७, ड ला १९. सरासरी ३० येणारच, म्हणून ३० ने भागायचं: १.१, १.०३, १.२३ आणि ०.६३.

प्रोजेक्टला ५० पैकी ४० होते. सरळ गुणलं तर ड २५ वर येतो आणि क ४९ वर जातो, हे मला जरा जास्त वाटतं, म्हणून निम्मे २० सगळ्यांना तसेच देतो आणि उरलेल्या २० ला गुणतो. मग अ ४२, ब ४१, क ४५ आणि ड ३३. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात फळ्यावर करून दाखवायचं, नंतर सांगितलं तर भांडणं.

पण आकड्यावर डोळे झाकून जाऊ नका. तिघांनी ठरवून एकाला पाडलं तर हे गणित ते पकडत नाही. तिघांच्या लिहिलेल्या उत्तरात शब्दन् शब्द सारखा असेल तर मला शंका येते, मग त्या चौथ्याला व्हायवाला बोलावून त्याच्याच भागात एक छोटा बदल समोर करायला लावतो. खरंच केलं असेल तर पाच मिनिटांत करतो. रेपो असेल तर हेही बघतो:

```
git shortlog -sn --all
```

याने कोणाचे किती कमिट ते दिसतं, फक्त एकाच लॅपटॉपवरून दोघं कमिट करत असतील तर एकाच्याच नावावर सगळं येतं, म्हणून मी हे फक्त विचारणा करायला वापरतो, मार्क कापायला नाही.

आणि फॉर्म घरून, गुगल फॉर्मवर भरून घ्या, कोणी कोणाला किती दिले ते ग्रुपला कधीच दाखवू नका. सेमिस्टरच्या मध्यावर एकदा मार्काशिवाय घ्या. ड सारख्याला तेव्हाच बोलावून विचारलं तर कधी कधी कळतं की त्याला कोणी कामच दिलेलं नव्हतं.