जुन्या तांदळाचे बारा रुपये

"बाबा, वाण्याकडे नवा कोलम ६० रुपये किलो आहे आणि जुना ७२. दिसायला दोन्ही सारखेच. आजी फोनवर म्हणाली, जुनाच घे, पुरवठ्याला येतो. खरंच बारा रुपये जास्त द्यायचे का? आणि पुरवठ्याला येतो म्हणजे काय?"

प्रिय सई,

पुरवठ्याला येतो म्हणजे तेवढ्याच तांदळात जास्त ताटं वाढून होतात. आजीचं हे म्हणणं खोटं नाही. मागच्या डिसेंबरात तिच्याकडे आलो होतो तेव्हा वजनकाटा घेऊन बसलो होतो. दोन्ही कोलम शंभर-शंभर ग्रॅम घेतले आणि ज्याला लागेल तेवढं पाणी घातलं. नव्याला दुपटीहून थोडं कमी पुरलं, जुन्याला अडीच पट लागलं. नव्याचा भात २६० ग्रॅम भरला, जुन्याचा ३१०.

आता तुझे भाव लावून बघ. नव्याच्या एका किलोचा २.६ किलो भात होतो, जुन्याचा ३.१ किलो. भागाकार केलास तर शिजलेला भात दोन्हीकडे किलोला साधारण २३ रुपयांनाच पडतो. म्हणजे बारा रुपये पातेल्यात वसूल होतात. फरक वीस रुपयांचा असता तर झाले नसते.

पण गंमत पुढे आहे. जुन्या भातात जे पन्नास ग्रॅम जास्त आले ते कशाचे? पाण्याचे. दाणा तेवढाच आहे. ताट भरलेलं दिसतं, पोटात मात्र तेवढंच धान्य जातं. खरा फायदा एवढाच की साठवणीत तांदूळ थोडा सुकतो. नव्यात शेकडा चौदा भाग ओल असेल आणि जुन्यात बारा, तर किलोमागे वीसेक ग्रॅम धान्य जास्त मिळतं. त्यासाठी रुपया-दीड रुपया ठीक, बारा नाहीत. हे मी आजीला समजावून पाहिलं. ती म्हणाली, पाहुणे आले की तू ग्रॅम वाढ, मी भात वाढते.

मग जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? दाणा मोकळा राहावा म्हणून. साठवणीत दाण्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि दाणा कणखर होतो. शिजताना तो पाणी पितो, फुगतो, पण फुटत नाही. नव्याचा पिष्टमय चिकटा पाण्यात उतरतो, म्हणून त्याची पेज दाट होते आणि भात गिचका होतो. बऱ्याचदा दोष तांदळाचा नसतो, जुन्याच्या मापाने नव्यात पाणी घातलेलं असतं. मसालेभात किंवा फोडणीचा भात करायचा असेल तर जुनाच घे. आसट वरणभात किंवा खिचडी करणार असशील तर नवा चालतो, उलट बरा लागतो.

वासाच्या तांदळाचा हिशेब वेगळा. आंबेमोहोराचा वास उडून जाणारा असतो, महिन्यागणिक कमी होतो. इंद्रायणी आंबेमोहोराच्याच संकरातून निघालेली, तिचंही तेच. हे दोन्ही आपण वासासाठी आणि मऊपणासाठी खातो, आणि जुनेपणाने नेमकं तेच जातं. तिथे 'जुना' म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नकोस. बासमतीत मात्र दाण्याची लांबी हवी असते, म्हणून तो वर्ष-दोन वर्षं मुरलेला घेतात.

राहिला प्रश्न, वाणी म्हणतो तो खरंच जुना कशावरून? तो किती महिन्यांचा, हे विचार. खरिपाचं भात दिवाळीच्या आसपास कापलं जातं, त्यामुळे डिसेंबरातला 'नवा' आणि ऑगस्टातला 'नवा' यांत आठ महिन्यांचं अंतर पडतं. पावसाळ्यात नव्या-जुन्यातला फरक तसाच कमी झालेला असतो. रंगावर जाऊ नकोस. जुना किंचित पिवळसर असतो हे खरं, पण वाफवून काढलेला 'स्टीम' तांदूळही तसाच दिसतो आणि मोकळाही शिजतो. तो जुना म्हणून खपवता येतो. कुबट वास आला तर तो जुना नव्हे, खराब झालेला समज.

सगळ्यात सोपं म्हणजे दोन्ही पावपाव किलो आण. मूठमूठ तांदूळ दोन भांड्यांत भरपूर पाण्यात, सारखाच वेळ उकळ आणि पेज दोन काचेच्या ग्लासांत गाळ. जुन्याची पेज पातळ असेल, दाणा अख्खा असेल आणि बोटात दाबला तर मधे अजून थोडा कडक लागेल. दोन्ही पेजा सारख्याच दाट निघाल्या तर ६० वाला घे. कणी जास्त असली तर जुन्याची पेजही दाट होते, म्हणून आधी तुकडे निवडून टाक.

बाबा