सेल्स पेजचा क्रम कसा लावायचा? (मोडीच्या क्लासचं उदाहरण)

प्रश्न: आमच्या ऑनलाइन कोर्सचं सेल्स पेज खूप लांब आहे, माहिती सगळी दिलीय तरी लोक व्हॉट्सॲपवर तेच तेच विचारतात आणि मग गायब होतात. सबहेडिंग पण पुचाट वाटतात. काय कुठे ठेवायचं हे ठरवायचं कसं?

उत्तर: मागच्या वर्षी दादरच्या एका बाईंचं असंच पेज नीट केलं होतं, त्या मोडी लिपी शिकवतात, आठ रविवार, फी ३,५०० रुपये. तेच सांगते.

पेज उघडलं आणि आधी फक्त सबहेडिंग वाचत खाली गेले, बाकी मजकुराकडे बघितलंच नाही. 'मोडीचा वैभवशाली इतिहास', 'आमची वैशिष्ट्ये', 'अभ्यासक्रम', 'मनोगते', 'नोंदणी'. आता 'मोडी' शब्द काढून 'योग' टाका, काही फरक पडत नाही, म्हणजे ही हेडिंग काहीच सांगत नाहीयेत. आणि डोंबिवली लोकलमध्ये एका हाताने कडी धरून पेज सरकवणारा माणूस तेवढीच वाचतो हो!

मग बाईंकडून व्हॉट्सॲपच्या शेवटच्या तीसेक चौकश्या मागून घेतल्या. प्रत्येक चॅटमध्ये कोणता प्रश्न आधी आला, त्याचं उत्तर मिळाल्यावर पुढचा कोणता आला आणि कुठल्या मेसेजनंतर माणूस गप्प झाला, हे लोकांच्याच शब्दात चिठ्ठ्यांवर लिहिलं आणि टेबलावर ओळीने मांडलं. कोणता प्रश्न किती वेळा आला हे मोजत बसू नका, कशानंतर काय आलं ते बघा.

इथे एक गंमत झाली. जवळपास सगळ्यांचा पहिला मेसेज 'फी किती?' हाच. बाई म्हणाल्या, मग फी एकदम वर टाकूया का? मी नको म्हटलं, कारण फी विचारणं वेगळं आणि फी जास्त वाटणं वेगळं. 'फी किती' हा आपला बोलायला सुरुवात करायचा प्रश्न, भाजीवाल्याला विचारतो तसा. खरी शंका त्यानंतर यायची: 'आमच्या आजोबांचे जमिनीचे कागद आहेत, ते वाचता येतील का?' मग 'वय साठ आहे, जमेल का?', मग 'रविवारी लग्नबिग्न असलं तर?' आणि 'एवढे पैसे कशाचे' हे अगदी शेवटी, तेही ज्यांना पहिल्या शंकेचं नीट उत्तर मिळालं नव्हतं त्यांच्याकडूनच. म्हणून फीचा आकडा वर एका बारीक ओळीत टाकला, त्यावर क्लिक केलं की खाली फीच्या भागात जाता येतं. बाकी भाग शंकांच्या याच क्रमाने लावले, फीबद्दलचं बोलणं शेवटीच राहिलं.

आता कागदांच्या शंकेचं उत्तर पेजवर नव्हतंच! क्रम कितीही बदला, जे लिहिलेलंच नाही ते वर कुठून येणार. बाईंना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या की इंग्रज काळातले कागद सरावाने वाचता येतात, शिवकालीन पत्र आठ रविवारात नाही वाचता येणार. तेच हेडिंग केलं: 'आजोबांच्या काळातला जमिनीचा कागद वाचायला लागाल, शिवकालीन पत्राला पुढचा सराव लागेल'. 'नाही' म्हणायला बाई घाबरल्या होत्या, पण असं अर्धं 'नाही' सांगितलं की उरलेल्या 'हो'वर विश्वास बसतो. 'अभ्यासक्रम'चं झालं 'देवनागरी वाचता येतं? मग पहिल्या रविवारी मोडीत स्वतःचं नाव लिहाल'. इतिहासाचे चार परिच्छेद कापून दोन ओळी ठेवल्या, त्याचं बाईंना अजून वाईट वाटतं.

मनोगतांचा ढीग पण फोडला. बासष्ट वर्षांच्या काकांचं मनोगत 'जमेल का'च्या खाली, नोकरी करणाऱ्या मुलीचं रविवार चुकला तर मिळणाऱ्या रेकॉर्डिंगच्या खाली. एकत्र ठेवली की सगळी सारखीच वाटतात, शंकेच्या खाली ठेवली की पुरावा होतात.

दोन ठिकाणी हमखास गडबड होते. भाग हलवले की 'वर सांगितल्याप्रमाणे' अशी वाक्यं लटकतात, म्हणून पूर्ण पेज एकदा मोठ्याने वाचाच. आणि जी शंका कोणी काढलीच नाही ती हेडिंगमध्ये आणू नका, 'ही फसवणूक नाही' असं आधीच्या पेजवर खरंच लिहिलं होतं आणि ते वाचून मलाच शंका आली.

फरक पडला का ते कसं कळणार? एवढ्या कमी लोकांवर दोन पेजची तुलना करून काही हाती लागत नाही, आणि लोक कुठपर्यंत स्क्रोल करतात ते कळलं तरी का थांबले ते कळत नाही. त्यापेक्षा पुन्हा चॅट बघा. बाईंना महिन्याभराने 'वाचता येईल का' विचारणारे कमी झाले आणि 'हा फोटो पाठवतोय, असा कागद चालेल का?' असं विचारणारे आले. आम्ही मग तसेच तीन कागदांचे फोटो त्या हेडिंगखाली टाकले.