एक्स्टेंडेड वॉरंटी अर्ध्यात रद्द केली तर किती पैसे परत?

प्रश्न: अमेरिकेत १८ महिन्यांपूर्वी वापरलेली गाडी घेतली तेव्हा डीलरने २,४०० डॉलरची ५ वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली. ती कर्जातच धरली आहे. आता रद्द करायची आहे. ४२ महिन्यांचे पैसे परत मिळतील ना?

४२ महिन्यांचे मिळतीलच असं नाही, कारण हिशेब नुसत्या महिन्यांवर होत नाही. बहुतेक करारांत महिने आणि मैल दोन्ही बघतात, आणि ज्याचा वापर जास्त झालाय तो आकडा धरतात.

तुमचा करार ६० महिने किंवा ६०,००० मैलांचा आहे असं समजू. महिने १८ गेले, म्हणजे ३० टक्के. गाडी घेतली तेव्हा ओडोमीटर १२,००० होता आणि आज ३६,००० असेल, तर २४,००० मैल गेले, म्हणजे ४० टक्के. मोठा आकडा ४०, तेव्हा उरले ६० टक्के: १,४४० डॉलर. त्यातून रद्द करण्याचं शुल्क जातं. करारात ते ५० डॉलर असेल तर हातात १,३९०. (कॅलिफोर्नियात हे शुल्क २५ डॉलरच्या वर घेता येत नाही.) काही करारांत तोवर दिलेले क्लेमही वजा होतात, ते कलम आधी वाचा.

गफलत होते ती मैलांत. डीलरकडचा माणूस आजचा ओडोमीटर ३६,००० थेट ६०,००० शी लावतो, वापर ६० टक्के दाखवतो आणि तुमच्या हातात ९१० टेकवतो. सरळ ४८० डॉलर गेले. म्हणून करारात मैल शून्यापासून मोजलेत की खरेदीच्या दिवशीच्या ओडोमीटरपासून, हे बघा. नव्या गाडीच्या करारांत बऱ्याचदा शून्यापासून असतात. तसं तुमच्या करारात खरंच लिहिलं असेल तर मात्र ९१० हाच आकडा बरोबर.

रद्द करायला डीलरच्या फायनान्स ऑफिसात जा. कॅन्सलेशन फॉर्म, कराराची प्रत आणि ओडोमीटरचा आजचा आकडा लागतो. 'मॅनेजर सुट्टीवर आहे, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकायला मिळेल, पण थांबू नका: रद्द झाल्याची तारीख आणि मैल सहसा फॉर्म पोचल्यापासून धरतात. डीलर टाळतोय असं वाटलं तर करार ज्या कंपनीच्या नावावर आहे तिलाच फॉर्म पाठवा, पोचपावती मिळेल अशा पत्राने, आणि ओडोमीटरचा फोटो सोबत जोडा.

आणि चेक तुमच्या घरी येईल म्हणून वाट बघत बसू नका. कर्ज चालू आहे, त्यामुळे रक्कम कर्ज देणाऱ्या बँकेकडे जाते आणि मुद्दल तेवढं कमी होतं. मासिक हप्ता आहे तोच राहतो, फक्त कर्ज लवकर फिटतं. महिन्या-दीड महिन्याने बँकेच्या स्टेटमेंटवर मुद्दल खरंच उतरलंय का ते बघा. उतरलं नसेल, तर चेक कोणत्या तारखेला आणि कोणाच्या नावाने काढला, हे डीलरला लेखी विचारा.