चौथ्या घरात पाच ग्रह, आणि लग्न तोंडावर

"ताई, माझा जन्म मार्च १९९७चा, मध्यरात्रीनंतरचा. धनु लग्न. चौथ्या घरात मीनेत शुक्र ११, रवी १२, शनी १६, बुध २८ अंशांवर, शिवाय केतू. ज्योतिषी म्हणतात, 'प्रबळ संन्यासयोग, संसार टिकणार नाही.' लग्न ठरलंय. ध्यानाची ओढ खरीच आहे. मोडू का लग्न?"

आधी केतूला बाजूला काढू. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त हा योग रवी ते शनी या सात ग्रहांचाच आहे. चार किंवा जास्त ग्रह एका राशीत हवेत, तेही बलवान. केतूला मोक्षाचा कारक म्हणतात ते खरं, पण या मोजणीत तो येत नाही. तुमचे चार मात्र भरतात, तेव्हा ज्योतिषीबुवा अगदीच चुकले नाहीत. त्यांनी पुढचं पान उलटलं नाही, एवढंच.

या योगात जो ग्रह सर्वांत बलवान, त्यावर संन्यासाचा प्रकार ठरतो. शनी असेल तर निर्ग्रंथ, म्हणजे सर्वसंग सोडलेला साधू, शुक्र असेल तर चरक, म्हणजे फिरता साधू. तुमच्याकडे मान शुक्राचा: मीनेत उच्चीचा, शिवाय चौथ्या घरात त्याला दिग्बल, म्हणजे दिशेमुळे मिळणारं बळ. बुध त्याच राशीत नीच. पण शुक्र रवीपासून एका अंशावर आहे आणि शनी चार अंशांवर. शुक्र साधारण दहा अंशांच्या आत अस्त, म्हणजे रवीच्या तेजात झाकलेला धरतात, शनी पंधराच्या. अशा रविलुप्त ग्रहांबद्दल वराहमिहिर स्पष्ट सांगतो की माणूस दीक्षा घेत नाही, त्या मार्गाच्या लोकांवर त्याची भक्ती जडते. तुमची ध्यानाची ओढ मला यात बसताना दिसते. घर सोडणं नाही दिसत.

आणि नुसत्या गर्दीनं माणूस संन्यासी होत असता, तर फेब्रुवारी १९६२मध्ये सातही ग्रह आणि केतू मकरेत, शनी स्वराशीत असताना जन्मलेली सगळी मुलं मठात गेली असती. त्यांतली कित्येक आज नातवंडं खेळवतात.

आता पत्रिका मिटून एक विचारते. ही ओढ भाकितापूर्वीची की नंतरची? लग्नाची बोलणी निघाली की वाढते आणि सुट्टीच्या निवांत दिवशी विरते, असं होतं का? तसं असेल तर ते वैराग्य नाही, धास्ती आहे. ती धास्ती लग्नाची की त्याच माणसाची, हे तुम्हीच ओळखाल. उलट, सगळं छान चाललेल्या दिवशीही पहाटे उठून बसावंसं वाटत असेल तर ओढ खरी. पण तिला हवाय सकाळचा तासभर आणि दार लावायला एक खोली.

तेवढं होणाऱ्या जोडीदाराला या आठवड्यातच सांगा, घरच्यांमार्फत नको. 'पहाटे तासभर मी कुणाची नसेन' हे ऐकून समोरचा माणूस काय म्हणतो, ते मला कळवा. लग्न करायचं की मोडायचं, ते त्यानंतर बोलू.