फिरतं चाक उलटवलं की 2L मधला २ येतो कुठून?

प्रश्न: फिरत्या पाटावर स्थिर उभं राहून, हातात सायकलचं फिरतं चाक आडवं धरून ते उलटं केलं, तर पाटाचा वेग किती येईल? पुस्तकात 2L/I दिलंय. तो २ कुठून आला ते कळत नाही. शिवाय आम्ही करून पाहिलं तर उत्तर बरंच कमी आलं.

उत्तर:

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रयोग दरवर्षी करतो. तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून एकाच चाकाचा हिशेब शेवटपर्यंत घेऊन जातो.

आमच्या चाकाचा टायर काढून रिमवर लोखंडी तार गुंडाळली आहे. रिम आणि तार मिळून वजन साधारण २ किलो, मधल्या एक्सलपासून अंतर ३० सेंटीमीटर. सगळं वजन कडेलाच आहे असं धरलं तर चाकाचं जडत्व आघूर्ण २ × ०.३ × ०.३, म्हणजे ०.१८. सेकंदाला ३ फेरे दिले की कोनीय वेग १८.८५ रेडियन प्रतिसेकंद होतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे चाकाचा कोनीय संवेग L, सुमारे ३.४. चाक वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट फिरतंय असं धरू. मग L ची दिशा वर. पाट स्थिर आहे, त्यामुळे त्या क्षणी सगळ्या मंडळीचा मिळून उभ्या अक्षाभोवतीचा संवेग तेवढाच, वर ३.४.

आता चाक पूर्ण उलटं केलं. चाकाचा संवेग खाली ३.४ झाला, म्हणजे उणे ३.४. पाटाचे छर्रे गुळगुळीत असतील तर उभ्या अक्षाभोवती बाहेरून कुणीच पिळत नाही, म्हणून एकूण बेरीज अजूनही अधिक ३.४ च राहायला हवी. उणे ३.४ मध्ये किती मिळवले की अधिक ३.४ होतात? ६.८. तोच तुमचा 2L. चाकाने नुसता आपला संवेग सोडला असता तर तुम्हाला एक L मिळाला असता. त्याने तो सोडला आणि वर तेवढाच उलट्या बाजूने घेतला, म्हणून दोन. चाक अर्धंच वळवून, एक्सल आडवा आल्यावर थांबलात तर एकच L मिळतो. हे जरूर करून बघा, २ चा अर्थ हाताला कळतो.

माणूस, पाट, पुढे धरलेले हात आणि त्या अंतरावरचं चाकाचं वजन यांचं मिळून जडत्व आघूर्ण I आमच्याकडे सुमारे २.४ येतं. ६.८ भागिले २.४, म्हणजे २.८ रेडियन प्रतिसेकंद. सव्वादोन सेकंदांत एक फेरा. दिशा चाक सुरुवातीला ज्या बाजूला फिरत होतं तीच, म्हणजे तुम्ही डावीकडे वळत राहाल. चाक डाव्या बाजूने उलटवा नाहीतर उजव्या, दिशा बदलत नाही.

हा जोर शरीरात शिरतो कुठून, हे पुस्तकात फारसं येत नाही. चाक बाजूला कलवत नेलं की अर्ध्या वाटेवर एक्सल आडवा येतो, एक मूठ डाव्या हातात, एक उजव्या. त्या क्षणी चाकाचा उभा संवेग सर्वांत झपाट्याने कमी होत असतो आणि तो कमी करायचं काम तुमचे हातच करतात: उजवा हात चाकाला छातीकडे ओढतो, डावा पुढे ढकलतो. चाक तेवढ्याच जोराने उलट ओढतं, उजवा हात पुढे आणि डावा मागे. म्हणून तुम्ही डावीकडे वळता. दोन सेकंदांत उलटवलं आणि मुठींत ४० सेंटीमीटर अंतर असलं तर प्रत्येक हातावर सव्वा किलो वजनाइतका जोर येतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून मूठ निसटते ती इथेच. म्हणून मुठींना सायकलच्या हँडलचं रबर चढवा, आणि बोटं स्पोकपासून लांब.

आणखी एक गोष्ट हाताला जाणवते. उलटवायची पहिली पाव वाट सोपी जाते, पण तुम्ही फिरू लागलात की चाक उलटायलाच विरोध करू लागतं, सर्वांत जास्त एक्सल आडवा होऊन गेल्यानंतर थोड्या पुढे. तुम्हाला मिळालेली गतिज ऊर्जा इथूनच येते. आपल्या हिशेबात ती साडेनऊ ज्यूलच्या आसपास आहे, एक किलोची पिशवी मीटरभर उचलण्याइतकी. ती चाकातून येत नाही. एक्सलचे छर्रे चाकाला त्याच्या स्वतःच्या अक्षाभोवती पिळू शकत नाहीत, म्हणून जमिनीवरून पाहिलं तर चाक आधीही सेकंदाला ३ फेरे, नंतरही ३. ऊर्जा दंडाच्या स्नायूंनी दिली.

इथे एक गंमत दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात निघाली. एका मुलीने चाकाच्या एका स्पोकला लाल चिंधी बांधून, पाटावर उभ्या मुलाच्या छातीला लावलेल्या मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला. उलटवल्यानंतर फेरे मोजले तर सेकंदाला साडेतीनच्या जवळ! सगळे म्हणाले, चाक जोरात झालं. झालं नव्हतं. मोबाइल स्वतः उलट दिशेने २.८ ने फिरत होता, म्हणून त्याला चाक १८.८५ अधिक २.८ ने फिरताना दिसलं. त्यामुळे L साठी चाकाचे फेरे जमिनीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने मोजा, नाहीतर उलटवण्याआधी पाट स्थिर असतानाच मोजून घ्या.

आता उत्तर कमी का आलं. तुम्ही पाट कसा वापरला ते लिहिलेलं नाही, पण माझा पहिला संशय पाटाच्या छर्‍यांवर आहे. मी शिकवायला लागलो त्या वर्षी एका कारखान्यातून बनवून घेतलेला पाट असाच होता. हाताने ढकलला की छान फिरायचा, पण माणूस चढला की जड व्हायचा. तेव्हा मी सलग तीन तासिका मुलांना "साधारण बरोबर आलं" असं सांगितलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो फरक मोजता येत होता.

मोजायचं असं. मोबाइलमध्ये phyphox नावाचं मोफत अ‍ॅप घ्या, त्यात जायरोस्कोपचा आलेख सुरू करा आणि मोबाइल छातीला घट्ट बांधा. चाक उलटवलं की आलेख चढेल आणि मग हळूहळू उतरेल. तो उतार बघा. आमच्या जुन्या पाटावर वेग दर सेकंदाला ०.२ रेडियन प्रतिसेकंदाने घसरत होता. म्हणजे घर्षणाचा पिळ ०.२ × २.४, जवळपास ०.५. दोन सेकंद उलटवण्यातच तो ०.४ खाऊन टाकतो, आणि २.८ च्या जागी २.४ दिसतात. आलेखाची उतरती रेघ मागे वाढवत उलटवायला सुरुवात केली त्या क्षणापर्यंत न्या. तिथे ती जो आकडा दाखवेल तो 2L/I शी ताडून पाहा.

बरीच मुलं चाक जपून, सावकाश उलटवतात आणि त्यानेच उत्तर सर्वांत बिघडतं. आदर्श पाटावर सावकाश केलं काय, झटक्यात केलं काय, शेवटचा वेग तोच. पण खऱ्या पाटाला जागचा हलायलाच काही एक पिळ लागतो. तुम्ही अर्धा मिनिट घेऊन उलटवलंत तर चाकाचा पिळ अर्ध्या वाटेवरही ०.३५ च्या वर जात नाही. ०.५ घर्षण असलेला पाट तसूभर हलणार नाही. चाक पूर्ण उलटं, तुम्ही जागच्या जागी, आणि ६.८ चा सगळा संवेग पाटाच्या पायातून जमिनीत गेलेला. नियम मोडला नाही. "बाहेरून कुणी पिळत नाही" ही अट मोडली.

पाट जमिनीला समतल नसला तर दोष वेगळा दिसतो: आलेख सरळ उतरत नाही, दर फेऱ्याला वर-खाली होतो, आणि शेवटी तुम्ही नेहमी एकाच बाजूला तोंड करून थांबता. एका पायाखाली पुठ्ठा सरकवला की जातं.

दुसरी चूक प्रयोगाच्या सुरुवातीची असते. चाक पाटावर उभ्या माणसाने स्वतःच्या हाताने फिरवलं तर एकूण संवेग शून्यापासून सुरू होतो. चाक फिरवतानाच तुम्ही उलट दिशेने L/I ने फिरू लागता आणि उलटवल्यावर सुलट दिशेने L/I ने. बदल 2L/I चाच, पण शेवटचा वेग निम्मा. तुमचं उत्तर जवळपास अर्धं आलं असेल तर आधी हे तपासा. चाक जमिनीवर उभ्या मित्राने फिरवून हातात द्यायचं आणि तोपर्यंत पाट पायाने धरून ठेवायचा.

घर्षणाने किती संवेग नेला हे फारसं गणित न करताही दिसतं. चाक उलटवा, फिरत राहा, पाच सेकंद थांबा, मग चाक पुन्हा पहिल्यासारखं सुलट करा. छर्रे आदर्श असते तर तुम्ही जागच्या जागी थांबला असता. आमच्या जुन्या पाटावर आम्ही थांबायचो नाही, उलट दिशेने फिरू लागायचो, कारण २.४ चे पाच सेकंदांत १.४ झालेले असायचे आणि सुलट करताना त्यातून २.८ वजा व्हायचे. अगदी पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहून मग सुलट केलंत तर उलट दिशेचा वेग जवळपास पहिल्याइतकाच येतो, चाकाने मधल्या वेळात आपल्या एक्सलच्या घर्षणात जेवढे फेरे गमावले तेवढा कमी.