रोजा ठेवून विमानात: इफ्तार नेमका कधी?

प्रश्न: "रमजानमध्ये रोजा ठेवून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात असेन. मगरिबची वेळ मध्येच कुठेतरी येणार. इफ्तार निघालेल्या शहराच्या वेळेनं करायचा, पोहोचायच्या शहराच्या, की खाली जी जमीन असेल तिच्या? ॲपमध्ये सूर्यास्त झालेला दिसतो, पण खिडकीबाहेर ऊन असतं, असं एकानं सांगितलं. मग खरं काय मानायचं?"

उत्तर: खिडकीबाहेरचं ऊन खरं मानायचं. तुम्ही जिथे आहात, त्या जागेवरून आणि त्या उंचीवरून सूर्य मावळला की इफ्तार. उलेमांचा सर्वसाधारण कल हाच आहे, त्यामुळे तुम्ही विचारलेल्या तिन्ही वेळा बाद होतात. विमानाच्या थेट खालच्या गावात मगरिबची अजान झाली असली तरी तुम्हाला सूर्य दिसत असेल, तर तुमचा रोजा अजून चालू आहे.

ॲप खोटं बोलत नसतं, ते फक्त जमिनीवरचा हिशेब करतं. उंच गेलं की क्षितिज खाली सरकतं आणि जमिनीवरच्या माणसाला दिसेनासा झालेला सूर्य वरच्याला दिसत राहतो. उंच इमारतीतही हे जाणवतं. 2011 मध्ये दुबईच्या मुफ्तींनी बुर्ज खलिफातल्या रहिवाशांना सांगितलं होतं की 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तारला दोन मिनिटं आणि 150 व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं थांबावं. विमान त्याहून कितीतरी उंच असतं.

समुद्रसपाटीवर सूर्याचा मध्य क्षितिजाखाली 0.833 अंश गेला की सूर्यास्त मानतात. सूर्याच्या बिंबाचा आकार आणि हवेतलं वक्रीभवन त्यात धरलेलं असतं. उंचीसाठी त्यात एवढी भर घालायची:

```
जादा अंश = 0.0347 × √(उंची मीटरमध्ये)
```

35,000 फूट म्हणजे सुमारे 10,670 मीटर. जादा अंश येतात साधारण 3.6. एवढं खाली उतरायला सूर्याला विषुववृत्ताजवळ 14 मिनिटं लागतात. जसजसं उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसतसा तो तिरका मावळतो, म्हणून मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास 25 अक्षांशावर 16 आणि 50 अक्षांशावर 22 मिनिटं लागतात. हवेच्या तापमानाप्रमाणे मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे होतातच, तेव्हा सेकंदांच्या मागे लागू नका.

बरेच जण इथेच थांबतात आणि जमिनीच्या वेळेत सोळा मिनिटं मिळवून मोकळे होतात. पण विमान एका जागी उभं नसतं, आणि पश्चिमेकडे जाताना मोठा फरक त्यामुळेच पडतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. 20 मार्च, 25 अंश उत्तर अक्षांश, उंची 35,000 फूट, जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी 900 किलोमीटर, दिशा थेट पश्चिम. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार 13:31 ला विमान 70 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नेमका त्याच क्षणी खाली जमिनीवर सूर्य मावळतोय. विमान तिथेच तरंगत राहिलं असतं तर 13:47 ला सूर्यास्त दिसला असता. पण पृथ्वी तासाला 15 अंश फिरते आणि या अक्षांशावर विमान तासाला जवळजवळ 9 अंश पश्चिमेला सरकतं. म्हणजे सूर्य तुमच्यापासून तासाला फक्त 6 अंशांनी दूर जातो आणि 16 मिनिटांचं अंतर कापायला त्याला 39 मिनिटं लागतात. इफ्तार 14:10 ला, 64 रेखांशाच्या आसपास. 13:31 ला ॲप बघून खजूर तोंडात टाकणारा पाऊण तासाच्या जवळपास आधी रोजा सोडून बसला.

हेच विमान पूर्वेकडे जात असतं तर दोन्ही वेग एकमेकांत मिळवायचे, तासाला 24 अंश. मग दहाच मिनिटांत, 13:41 ला सूर्य गेला. म्हणून "विमानात इतकी मिनिटं थांबा" असा एकच आकडा कोणी दिला तर दिशा विचारल्याशिवाय तो घेऊ नका.

समोरच्या पडद्यावरच्या नकाशात उंची आणि जमिनीवरचा वेग मिळतो, बऱ्याच विमानांत अक्षांश-रेखांशही. पश्चिमेकडे जाताना समोरून जोराचा वारा असतो, म्हणून तिकिटावरच्या वेळांवरून काढलेला सरासरी वेग धरू नका, त्या क्षणी दिसणारा धरा. घड्याळ यूटीसीवर ठेवलं की वेळेच्या पट्ट्यांचा गोंधळ उरत नाही. फोनचं जीपीएस एअरप्लेन मोडमध्येही चालतं, पण खिडकीला टेकवून काही मिनिटं धरावं लागतं. ॲपमध्ये उंची भरायची सोय असेल तर ती भरा आणि इफ्तार जवळ येईल तशी जागा पुन्हा पुन्हा ताजी करून घ्या, कारण जुन्या जागेची वेळ पश्चिमेकडे जाताना नेहमी लवकरची निघते.

एवढा हिशेब करूनही शेवटचा शब्द डोळ्यांचाच. त्यात अडचण अशी की पश्चिमेकडे जाताना सूर्य नाकासमोर असतो, बाजूच्या खिडकीतून बिंब दिसतच नाही. मग पंखाचं टोक बघा. त्यावर नारिंगी ऊन आहे तोवर सूर्य आहे. ते विझलं की मागे पूर्वेकडे नजर टाका. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढताना दिसतो, ती पृथ्वीची सावली. रात्र पूर्वेकडून आली, दिवस पश्चिमेला गेला आणि सूर्य मावळला की रोजा सोडावा, असं हदीसमध्ये आहे. इतक्या वरून हे तिन्ही स्पष्ट दिसतं. दूरच्या ढगांच्या मागे सूर्य लपला तरी पंखावरचं ऊन जातं, त्यामुळे काढलेली वेळ आणि विझलेलं ऊन दोन्ही जुळू द्या. मधली सीट मिळाली असेल तर कर्मचाऱ्यांना सांगा. कॉकपिटमधून समोरचं दिसतं, आणि रमजानमध्ये काही विमान कंपन्यांचे कॅप्टन स्वतःच घोषणा करतात.

आणखी एक प्रसंग हमखास येतो. विमानतळावर सूर्य मावळला, तुम्ही इफ्तार केला, विमान उडालं आणि पश्चिमेला सूर्य पुन्हा दिसू लागला. रोजा झाला, तो जमिनीवर पूर्ण झाला होता. आधुनिक फतव्यांत बहुधा हेच उत्तर मिळतं. तुमच्या मसलकात याबाबत वेगळं मत असेल तर निघण्याआधी तुमच्या आलिमांना विचारून ठेवा.

सहरीचा हिशेब उलटा चालतो. उंचीवर पहाट जमिनीपेक्षा आधी दिसते, आणि पूर्वेकडे जाताना तर ती अंगावर धावून येते. तक्त्यातली फजर बहुतेक ठिकाणी सूर्य 18 अंश खाली असतानाची असते, काही ठिकाणी 15 ची. विमानात 18 वालीच धरा, तीही त्या वेळी विमान जिथे असेल त्या रेखांशाची, आणि तिच्या निदान वीस मिनिटं आधी खाणं थांबवा.

मार्ग फार उत्तरेचा असेल तर एक गोष्ट आधीच बघा. 57 अक्षांशाच्या आसपास पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेगही ताशी 900 किलोमीटरच भरतो. तिथे पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानातून सूर्य एका जागी थबकल्यासारखा राहतो आणि त्याहून उत्तरेला तर तो वर चढताना दिसतो, म्हणजे इफ्तार तासन्‌तास पुढे जाऊ शकतो. मुसाफिराला रोजा पुढे ढकलून नंतर कजा करायची सवलत कुरआनातच आहे (2:185). असं तिकीट हातात असेल तर ती घ्यायची की नाही हे आदल्या रात्री ठरवा. पहाटे नियत करून निघाल्यावर मध्येच सोडता येतो का, यावर मजहबांमध्ये मतभेद आहेत.