राजकोषीय की मौद्रिक? आधी निर्णय कोणाचा ते बघा

बातमी वाचताना पहिला प्रश्न एकच विचारा: हा निर्णय कोणी घेतला? कर किंवा सरकारी खर्च बदलला, तर ते राजकोषीय धोरण. ते सरकार ठरवतं. व्याजदर बदलला, तर ते मौद्रिक धोरण. ते मध्यवर्ती बँकेचं काम.

फरक खरा कळतो तो दोघे उलट दिशांना ओढतात तेव्हा. २२ सप्टेंबर २०२२ ला बँक ऑफ इंग्लंडने महागाई आवरायला व्याजदर १.७५ वरून २.२५ टक्क्यांवर नेला, म्हणजे कर्ज महाग, खरेदी कमी. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, म्हणजे लोकांच्या हातात जास्त पैसा. ही तूट कर्ज काढूनच भरावी लागणार होती. गुंतवणूकदारांनी सरकारी रोखे, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद, विकायला काढले. रोख्यावर मिळणारी रक्कम ठरलेली असते, म्हणून त्याची किंमत पडली की त्यावरचा परतावा वाढतो (नवख्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो), आणि तो झपाट्याने वाढला. निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँकेलाच रोखे खरेदी करायला उतरावं लागलं.

मध्यवर्ती बँक शांत असूनही रोख्यांचा परतावा उसळला, तर आधी सरकारच्या कर्जाचा आकडा तपासा.